घरधनी

दिल्लीत हिंदुराव म्हटलं की लोकांना इस्पितळ आठवतं. हे नाव एका मराठी माणसाचं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, कागलकर घाटग्यांपैकी हिंदुराव, ग्वाल्हेर सुटल्यावर दिल्लीत येऊन राहिले. 1835 साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला, तेव्हा त्याची टेकडीवरची हवेली हिंदुरावांनी घेतली. 1857 च्या वेढ्यात तिच्यावर तोफगोळे पडले. पुढे तिथे इस्पितळ आलं, आणि मालक गेला तरी नाव राहिलं.

या इस्पितळाच्या आवारातच एक जुनी दुमजली इमारत उभी आहे. ओबडधोबड दगडांची, अरुंद जिन्याची. फिरोजशहा तुघलकाच्या शिकारखान्याचा हा उरलेला भाग. वरच्या मजल्यावर एका दालनात मृत्यूनंतर उभारतात तसं एक थडगं आहे, पण त्याखाली कुणी पुरलेलं नाही, असं लोक मानतात. कुणी एक पीर इथे एकांतात बसला होता आणि एक दिवस नुसताच नाहीसा झाला, अशी कथा आहे. म्हणून इमारतीचं नाव पीर गायब. तिथे गेलं की मनात येतं, ते हे की घर आहे, घरात कुणीतरी आहे असं सगळे मानतात, पण तो दिसत मात्र नाही.

ज्या स्पॅनिश शब्दाबद्दल मला लिहायचं आहे, तो शब्द नेमका असल्याच घरातून निघाला आहे. शब्द आहे दुएंदे. स्पॅनिशमध्ये घराच्या मालकाला म्हणत दुएन्यो दे कासा. बोलीत त्याचं दुएन दे कासा झालं, आणि त्यातून दुएंदे उरला. अर्थ सरळ होता: घरधनी. पण हा घरधनी हाडामांसाचा नव्हता. रात्री भांडी वाजवणारा, वस्तू इकडच्या तिकडे करणारा, मुलांना घाबरवणारा अदृश्य रहिवासी म्हणजे दुएंदे. आपल्या कोकणात जागेचा राखणदार असतो, देशावर पिंपळावरचा मुंजा असतो. त्यांच्याच जातकुळीतला हा. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की हा पाहुणा नव्हे. तो घराचा जुना मालक आहे, आणि आपण भाडेकरू आहोत.

स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, हा शब्द गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना लावला जाऊ लागला. अमक्याच्या गाण्यात दुएंदे आहे, तमकीच्या नाचात नाही. तिथल्या जिप्सी वस्त्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत हे सर्रास म्हटलं जाई, आणि त्याची व्याख्या करण्याची गरज कुणाला वाटत नसे. ती गरज वाटली एका कवीला. फेदेरिको गार्सिया लोर्का याने 1933 च्या ऑक्टोबरमध्ये ब्वेनोस आयरेसला एक व्याख्यान दिलं. दुएंदेचा खेळ आणि त्याचा सिद्धान्त, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. आज जगभरात हा शब्द ज्या अर्थाने वापरतात, तो बव्हंशी त्या एका संध्याकाळचा आहे.

पण लोर्काला हे सुचलं कुठून, हे पाहायचं तर अकरा वर्षं मागे जायला हवं.

1922 च्या जूनमध्ये ग्रानादा शहरात, अल्हाम्ब्राच्या आवारात, कान्ते होन्दो म्हणजे खोल गाण्याची एक स्पर्धा झाली. मानुएल दे फाया हा मोठा संगीतकार आणि चोवीस वर्षांचा लोर्का हे तिच्यामागे होते. फ्लामेंकोचं गाणं कॅफेंत पैशासाठी गाऊन गाऊन गुळगुळीत झालं आहे, त्याचं जुनं मूळ खेड्यापाड्यांत शोधून वर काढावं, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी एक कडक नियम केला. एकवीस वर्षांवरच्या धंदेवाईक गायकांना स्पर्धेत भाग घेता येणार नाही.

या नियमाचा परिणाम मोठा विलक्षण झाला. भरीचे गवई बाद झाल्यामुळे बक्षीस दोन टोकांच्या दोन माणसांकडे गेलं. एक होता मानोलो ओर्तेगा नावाचा मुलगा, तेराही पुरते न झालेला. तोच पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजला. दुसरा होता दिएगो बेर्मुदेस, टोपणनाव एल तेनासास, सत्तरी ओलांडलेला म्हातारा. त्याला तरुणपणी सुऱ्याचा वार बसून फुप्फुसाला इजा झाली होती, आणि त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वी त्याने गाणं सोडलं होतं. स्पर्धेची बातमी ऐकून तो आपल्या गावाहून ग्रानादापर्यंत पायी चालत आला, असं सांगतात. पहिल्या रात्री त्याने सगळ्यांना गप्प केलं. दुसऱ्या रात्री मात्र त्याच्याच हितशत्रूंनी त्याला दारू पाजली आणि त्याचं गाणं फसलं, अशीही आठवण सांगितली जाते.

लोर्का तिथे होता. एका बाजूला विलक्षण देणगी असलेला मुलगा, ज्याला अजून काही गमवावं लागलेलं नाही. दुसऱ्या बाजूला फुप्फुस फाटलेला म्हातारा, ज्याच्याजवळ श्वासच पुरेसा नाही, आणि तरी त्याच्या गाण्यात काहीतरी आहे. दुएंदेचा सिद्धान्त लोर्काने नंतर मांडला, पण त्याची दोन टोकं त्या रात्री त्याच्यासमोर उभी होती, असं मला वाटतं.

व्याख्यानात लोर्का तीन नावं घेतो: देवदूत, कलादेवी आणि दुएंदे. देवदूत वरून प्रकाश टाकतो, सहजता देतो. कलाकाराला कष्ट पडत नाहीत, गोडवा आपोआप झरतो. कलादेवी रचना देते, शब्द आणि आकार पुरवते, बुद्धीला खाऊ घालते. हे दोघेही बाहेरून येतात. दुएंदे बाहेरून येत नाही. त्याला रक्ताच्या तळाशी, शेवटच्या खोलीत जाऊन जागवावं लागतं. एका जुन्या गिटारवाल्याचा हवाला देऊन लोर्का सांगतो की दुएंदे गळ्यात नसतो, तो तळपायांतून वर चढतो. आणि तो येतो ते भांडायला. देवदूत आणि कलादेवी देतात, दुएंदे घेतो. मरण जवळपास असल्याशिवाय तो येतच नाही.

हे सगळं धूसर वाटेल. म्हणून लोर्काने एक गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीतच खरा सिद्धान्त आहे. पास्तोरा पावोन ही त्या काळातली सर्वांत मोठी फ्लामेंको गायिका. ला निन्या दे लोस पेइनेस या नावाने ती ओळखली जाई. कादिसच्या एका गुत्त्यात ती गात होती. आवाजाशी खेळत होती, कधी तो अंधारात नेत होती, कधी केसांत गुंतवत होती. सगळं बिनचूक चाललं होतं. श्रोते मात्र गप्प. शेवटी एका ठेंगण्या माणसाने हळू आवाजात पॅरिसचा जयजयकार केला. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा होता की बाई, कौशल्य, तंत्र, हुशारी हे सगळं पॅरिसला चालेल. आम्हाला इथे दुसरं काही हवं आहे. तेव्हा पास्तोरा वेड्यासारखी उठली, जळजळीत दारूचा मोठा पेला एका घोटात रिकामा केला, आणि गळा भाजलेला, आवाज नाही, श्वास नाही, लकब नाही, अशा अवस्थेत गायला बसली. गाण्याचा सगळा डोलारा तिने स्वतःच पाडला, आणि मग दुएंदेला आत यायला वाट मिळाली.

ही गोष्ट अनेकदा चुकीची वाचली जाते. फाटका आवाज म्हणजे दुएंदे, असा तिचा अर्थ लावतात. तसं असतं तर कुठल्याही पडशाने तो आला असता. पास्तोराने मोडलं ते तिच्याजवळ होतं म्हणून. ज्याच्याकडे तंत्र नाही, त्याने तंत्र टाकण्याला अर्थ नाही. गोष्टीतली दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे तो ठेंगणा माणूस. श्रोत्यांनी आधी गाणं नाकारलं. दुएंदे एकट्या गाणाऱ्याच्या अंगात नसतो, तो त्या खोलीत, त्या लोकांसमोर, त्या घडीला घडतो. म्हणूनच लोर्का म्हणतो की संगीत, नृत्य आणि मोठ्याने म्हटलेली कविता या कलांमध्ये त्याला सर्वांत जास्त जागा मिळते. या कलांना त्या क्षणी जिवंत असलेलं शरीर लागतं.

आता मराठीकडे वळतो. आपल्याकडे या अनुभवाला शब्द आहे का? मैफलीहून परतताना जाणकार म्हणतात, आज सूर लागला. किंवा, आज बुवांचा आवाज लागला नाही. वाक्याची रचना पाहा. बुवांनी सूर लावला, असं आपण या ठिकाणी म्हणत नाही. सूर लागतो. कर्ता बुवा नाहीत, कर्ता सूर आहे. दुएंदे आला नाही, असं स्पॅनिश माणूस म्हणतो, त्याच्या हे अगदी जवळचं. दुसरा शब्दप्रयोग म्हणजे अंगात येणं. पण तो थोडा बाजूला पडतो. अंगात आलं की माणसाची शुद्ध हरपते, नंतर त्याला काही आठवत नाही. दुएंदेशी झुंजणाऱ्याला पुरं भान असतं. आणि सूर लागणं यात सुख आहे, समाधान आहे. दुएंदेत जी जखम आहे, जी हानी आहे, तिला आपल्या या शब्दात जागा नाही. म्हणून शब्द सोडून उदाहरणाकडे जावं लागतं.

ते उदाहरण कुमार गंधर्वांचं. 1922 च्या ग्रानादातला तो मुलगा आणि तो फुप्फुस गमावलेला म्हातारा, हे दोघे इथे एकाच माणसात भेटतात.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहानपणी ते मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवत. नुसती चाल नव्हे, त्या त्या गवयाची आवाजाची ठेवण, हरकती, दम घेण्याच्या जागा, सगळं. कुमार गंधर्व हे नाव त्यांना पोरवयातच मिळालं. पुढे ते मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला आले आणि 1936 साली जिना हॉलमधल्या संमेलनात या अकरा वर्षांच्या मुलाने मुंबईतले जाणते थक्क केले. लोर्काच्या भाषेत बोलायचं तर हे देवदूताचं काम. देणगी वरून आलेली होती, आणि ती इतकी पुरी होती की तीत गाणाऱ्याला स्वतः असण्याची गरजच नव्हती. नक्कल जितकी निर्दोष, तितका नक्कल करणारा अदृश्य. देवधरांकडे पुढची वर्षं शिकण्यात गेली. इथे विचार आला, बांधणी आली. ही कलादेवी.

मग 1947. भानुमतीबाईंशी लग्न झालं आणि त्याच सुमाराला क्षयाचं निदान झालं. 1948 च्या जानेवारीत ते कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला आले. डॉक्टरांनी गायला बंदी केली. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन नुकतंच येऊ लागलं होतं, त्याने जीव वाचला. पण पाचएक वर्षं हा माणूस गाऊ शकत नव्हता. लहानपणापासून ज्याचं सगळं अस्तित्व गळ्यात होतं, तो खाटेवर पडून होता आणि फक्त ऐकत होता.

काय ऐकत होता, ते महत्त्वाचं आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया, बाजारातले आवाज, लग्नकार्यातली माळव्याची लोकगीतं. देवासला शीलनाथांची धुनी आहे, नाथपंथी साधूंची तिथे ये-जा असे. त्या जोग्यांची निर्गुणी भजनं त्यांनी ऐकली. या ऐकण्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे लोकधुनांमधून उगवलेले राग, ज्यांना त्यांनी धुनउगम राग म्हटलं, आणि जे 1965 च्या अनूपरागविलास या ग्रंथात इतर बंदिशींबरोबर आले. दुसरी म्हणजे निर्गुणी भजनांची गायकी. दुएंदेच्या संदर्भात मला तिच्यावरच थोडं थांबायचं आहे.

निर्गुणी भजन गाताना कुमारजी काय करतात ते कान देऊन ऐकावं. दोन तंबोरे इतके नेमके जुळवलेले असतात की गाणं सुरू होण्याआधीच खोली भरलेली असते. मग एक सूर येतो, बहुधा तारसप्तकाच्या आसपास, आणि तो गायला असं म्हणण्यापेक्षा फेकला असंच म्हणावं लागतं. दारात उभा राहून हाक मारणाऱ्या जोग्याचा तो सूर आहे. जोगी हाक मारतो ती भीक मिळावी म्हणून, पण कुणी आलं नाही तरी त्याचं अडत नाही. हाक मारून तो पुढे जातो. कुमारजींचा सूरही तसाच मध्येच सुटतो. तो लांबवला जात नाही, त्याला वळण देऊन खाली आणलं जात नाही. तो तुटतो, आणि त्या तुटलेल्या जागी फक्त तंबोरे उरतात. मग अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखा, एखादा शब्द मंद्राकडे पडतो. वरच्या हाकेत आणि खालच्या कुजबुजीत जी पोकळी राहते, तिच्यात निर्गुण असतं.

ख्यालाचं शिक्षण घेतलेल्या कानाला हे पहिल्यांदा चूक वाटतं. ख्यालाची प्रतिष्ठा दमसासावर उभी आहे. एका श्वासात लांब आवर्तन भरणं, आलाप अखंड विणत नेणं, तानेची साखळी न तुटू देणं. इथे सगळं तुटकं आहे. अनेक जुने जाणकार तेव्हा म्हणत की आजारपणाने गाण्याचा घास घेतला, उरलंय ते तुकड्यांचं गाणं. उलट चाहते म्हणत की फुप्फुसाची उणीव त्यांनी शैलीत बदलली. दोन्ही बाजू एकच गृहीत धरतात: श्वास कमी पडला म्हणून वाक्य आखूड झालं.

मला हे पुरेसं वाटत नाही. श्वास कमी असेल तर माणूस काटकसर करतो. जोर वाचवतो, मध्यसप्तकात राहतो, ठाय लयीत जिथे दम लागेल ते टाळतो. कुमारजी नेमकं उलटं करतात. जो श्वास पुरा नाही, तोच ते एका हाकेत उधळून टाकतात. जिथे धोका, तिथेच जातात. सूर फेकला की पुढच्या सुरासाठी छातीत काही उरलं आहे की नाही, याची खात्री त्या क्षणी ऐकणाऱ्याला नसते. ती खात्री गाणाऱ्यालाही असेल असं वाटत नाही. कादिसच्या गुत्त्यात पास्तोराने पेला रिकामा करून जे मुद्दाम ओढवून घेतलं, ते इथे आजाराने आधीच करून ठेवलं होतं. कुमारजींनी त्यावर उपाय काढला नाही, ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. लोर्का ज्याला झुंज म्हणतो, ती हीच असावी.

म्हणजे एखाद्या कलावंतात दुएंदे आहे असं म्हणताना आपण नक्की काय म्हणत असतो? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, त्याच्याजवळ पक्कं कौशल्य आहे. दुसरी, ज्या कौशल्याच्या जिवावर तो सुरक्षित राहू शकला असता, तेच त्याने पणाला लावलं आहे, आणि हे ऐकणाऱ्याला जाणवतं. तिसरी, जे गेलं आहे ते परत मिळवल्याचा आव तो आणत नाही. एल तेनासासने तरुण होण्याचा प्रयत्न केला असता, तर लोकांनी त्याला हसून घालवलं असतं. कुमारजींनी पूर्वीसारखंच गाण्याचा हट्ट धरला असता, तर आपल्याला एक थकलेला, हुशार, चांगला गवई मिळाला असता.

या शब्दाचे धोकेही तितकेच खरे आहेत. सगळ्यात मोठा धोका म्हणजे चरित्र ऐकून गाणं ऐकल्याचा भास होणं. क्षय झाला होता, पाच वर्षं मौन होतं, हे कळलं की प्रत्येक तुटलेल्या सुरात आपल्याला मरण ऐकू येऊ लागतं. याला एक साधी परीक्षा आहे. ज्याला यातलं काही ठाऊक नाही, अशा माणसाला नुसती ध्वनिमुद्रिका ऐकवावी. माझ्या एका पंजाबी शेजाऱ्याला मी एकदा असं एक निर्गुणी भजन ऐकवलं. त्यांना ना नाव ठाऊक होतं, ना कथा. पहिल्या हाकेनंतरच्या थांब्यात त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि नंतर एवढंच विचारलं, हा माणूस एकटा का आहे? वाहवा त्यांनी केली नाही. मैफलीत जागेला वाहवा मिळते, तानेला मिळते, सम नेमकी गाठली की मिळते. जिथे ती तोंडातच राहते, तिथे कौशल्यापलीकडे काही झालेलं असतं. हीच परीक्षा उलटही लागू पडते. कथा सांगितल्याशिवाय ज्या गाण्यात काही ऐकू येत नाही, तिथे दुएंदे नव्हता, फक्त दुःखाची माहिती होती.

दुसरा धोका म्हणजे दारिद्र्य, आजार आणि जिप्सीपण यांनाच कलेचा उगम मानून बसणं. फाया आणि लोर्का यांच्यावर हा आरोप झाला, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. धंदेवाईक गवयांना दूर ठेवून ते शुद्ध, अडाणी, रानटी मूळ शोधायला निघाले होते. पण पास्तोरा पावोन स्वतः धंदेवाईक होती. तिने आयुष्यभर पैशासाठी गायलं आणि भरपूर ध्वनिमुद्रण केलं. लोर्काने सिद्धान्त सांगायला शेवटी उदाहरण घेतलं ते तिचंच. यात स्पर्धेच्या नियमाची चूक त्याने न बोलता कबूल केली, असं मी मानतो.

याच संदर्भात एका गोष्टीचा मोह आपल्याला नेहमी पडतो. स्पेनमधले जिप्सी मूळचे उत्तर हिंदुस्थानातले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालं आहे. शतकानुशतकं पश्चिमेकडे सरकत पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोचले. फायाने कान्ते होन्दोतल्या सूक्ष्म स्वरांचा आणि एकाच स्वराभोवती घोटाळण्याचा संबंध हिंदुस्थानी गाण्याशी जोडला, आणि लोर्काने 1922 च्या आपल्या भाषणात ते मत उचललं. त्यावरून, दुएंदे म्हणजे आपलंच परत आलेलं काहीतरी, असं म्हणणं सोपं जातं. पण भाषा वाहून नेता येते तसं गाणं हजार वर्षं जसंच्या तसं वाहून नेता येत नाही. त्यात ग्रीक चर्चचं गायन मिसळलं, अरबांचं मिसळलं, आंदालुसियाचं स्वतःचं मिसळलं. देवासच्या धुनीवरचा जोगी आणि कादिसच्या गुत्त्यातली पास्तोरा यांचं नातं रक्ताचं नाही. एकाच प्रश्नापाशी दोघे वेगवेगळ्या वाटांनी पोचले, एवढंच.

तो प्रश्न मात्र खरा आहे. आवाज माझा आहे, असं गाणारा म्हणतो. शिकतो, कमावतो, मिरवतो. मग एक दिवस छातीत कफ साठतो, किंवा सुरा लागतो, किंवा समोरचा एक ठेंगणा माणूस तोंड वेंगाडतो, आणि कळतं की घर आपलं नव्हतं. आत आधीपासून कुणी राहत होतं. काही लोक त्या दिवशी गाणं सोडतात. काही जण दार लावून घेतात आणि जुनंच गाणं जपून जपून गात राहतात. फार थोडे त्याच्यासमोर बसून गातात. अशा कलावंतात दुएंदे आहे, असं आपण म्हणतो तेव्हा ते कौतुक असतंच असं नाही. ती साक्ष असते.

1936 साली मुंबईत अकरा वर्षांचा कुमार गायला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ लोर्काला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. कुमारजी 12 जानेवारी 1992 ला देवासला गेले, आणि त्यांच्या निर्गुणी ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजत राहिल्या.

पीर गायबच्या गच्चीवर एक दगडी नळकांडं आहे. त्यातून एक भोक थेट खालच्या मजल्यापर्यंत गेलं आहे. आकाशातले तारे पाहण्यासाठी ते असावं, असा तर्क आहे. मी तिथे गेलो की खाली वाकून एकदा त्यातून पाहतो. खालून इस्पितळाच्या वाहनांचा आवाज येतो, कुणीतरी नातेवाइकाला मोठ्याने हाक मारत असतं. आणि मग मधल्या शांततेत ते भोक नुसतंच उघडं राहतं.